कुळीथ, शेंगा आणि एक शेगडी

कुणाला रेसिपी विचारली की आपण "किती घालायचं" एवढंच विचारतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न अर्धवट आहे. झालंय हे ओळखायचं कसं, ते विचारा ना!

घाटकोपरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि एक ताई, दोघींत एकच किचन. मी देवगडची, ती सोलापूरची. आधी सगळं वेगळं होतं, तेल वेगळं, डबे वेगळे, मीठसुद्धा वेगळं (मीठ हो!), शेगडीचा डावा बर्नर तिचा, उजवा माझा. एका रविवारी मी कुळथाची पिठी लावली आणि ती वासाने बाहेर आली, म्हणाली मलाही सांग. मी सांगितलं, तेलात ठेचलेला लसूण, कांदा, मिरची, मग पाणी, दोन आमसुलं, मीठ, आणि पीठ सोडायचं.

तिने केली ती पिठल्याच्या सवयीने. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ वैरलं, घट्ट होईपर्यंत हाटलं आणि वर झाकण ठेवून चांगली दणदणीत वाफ काढली. ताटात वाढेपर्यंत गुठळ्यांसकट थापून वड्या पाडता येतील असा गोळा! आता बेसन कच्चं असतं, त्याचा कच्चट वास जायला वाफ लागतेच, तिचं काही चुकलं नाही. पण कुळीथ आधीच भाजून, भरडून, साल पाखडून दळलेला असतो. पीठ गार पाण्यात कालवून हळूहळू सोडायचं, ढवळत राहायचं, चार उकळ्या आल्या की बास. गॅस बंद करताना ती कढीसारखी पातळच दिसली पाहिजे कारण गार होता होता आपोआप आळते. हे प्रमाणात कुठे लिहिणार सांगा?

मग तिने मला शेंगाचटणी शिकवली, पण शेजारी उभं राहून. दाणे मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार करायचे, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ. तिच्या घरी उखळ, आमच्याकडे मिक्सर, म्हणून बटण सलग दाबायचं नाही, थांबत थांबत फिरवायचं आणि मधे चमच्याने खालचं वर करायचं. "चिमटीत दाबून बघ गं, गोळा झाला आणि बोटाला तेल लागलं की थांब." त्याच्या पुढे गेलात, किंवा दाणे कोमट असतानाच फिरवलेत, की भांड्याला लगदा चिकटतो, मग ती चटणी राहत नाही.

आता मीठ एकच आहे. भांडण वेगळंच चालू आहे, ताई हल्ली पिठीत दाण्याचं कूट घालते आणि वर मलाच म्हणते खाऊन तरी बघ. खाल्लं. चांगलं लागतं. पण त्याला कुळथाची पिठी म्हणायला मी तयार नाही, देवगडवाल्यांनो बोला काहीतरी!