टेबल वर गेलं

मध्यंतरी एक दिवस मी सुट्टीवर होते आणि त्याच दिवशी ऑफिसात नवीन प्रिंटर येणार होता, म्हणून मी सकाळीच आमच्या शिपाईकाकांना मेसेज टाकला, "काका, प्रिंटर आला की टेबल वर ठेवा." दुपारी फोटो आला. प्रिंटर खोक्यासकट जमिनीवर बसलेला, आणि त्याच्या मागे भिंतीशी, जिथे गेली सहा वर्षं टेबल होतं, तिथे चार पायांचे चार डाग.

टेबल वर गेलं होतं. वरच्या मजल्यावर. दोघांनी मिळून जिन्याने चढवलं म्हणे, वळणावर थोडं घासलं.

मी घाईघाईत लिहिलं, "अहो काका टेबल वर नाही, टेबल वर!!" आणि पाठवल्यावर वाचलं तेव्हा मलाच कळेना की मी काय म्हणतेय. काकांचं उत्तर आलं, "ताई, वरच आहे."

आता यात काकांची चूक शून्य. त्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं. 'टेबलवर' जोडून म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागावर, 'टेबल वर' तोडून म्हणजे टेबल उचला आणि चढा. नुसता 'वर' हा मराठीत स्वतःच्या पायावर उभा राहणारा शब्द आहे, तसेच मध्ये, खाली, मागे, पुढे, बाहेर. नामाला चिकटले की शब्दयोगी, सुटे राहिले की क्रियाविशेषण. ला, ने, चा यांचं तसं नाही, 'मॅनेजर ला सांग' लिहिलं तर डोळ्यांत खुपतं पण मॅनेजरला निरोप बरोबर पोचतो, कारण एकट्या 'ला'ला दुसरा काही धंदाच नाही.

बरं माझीही पूर्ण चूक नाही हां. मी 'टेबल' अर्धं टाईप केलं, फोनने पूर्ण शब्द सुचवला, मी त्यावर बोट ठेवलं आणि फोनने सवयीने पुढे एक स्पेस टाकून दिली. ती खोडायला मागे जावं लागतं, आणि मेसेज टाईप करताना मागे कोण जातं. त्यात हिंदीतलं 'ऑफिस में' बघून बघून डोळ्यांना सुटं बघायची सवय झालेली, त्यांच्याकडे नामापुढे ते सुटंच लिहितात, आपल्याकडे जोडून.

अकाउंट्समधल्या आमच्या एक बाई मराठी घेऊन एमए झाल्यात, त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता माझी शिकवणी घेतली. म्हणाल्या, "तू टेबलावर लिहिलं असतंस ना, तर मध्ये स्पेस पडूनही टेबल हललं नसतं."

हे मात्र मला पटलं. 'टेबला वर ठेवा' दिसायला वाईट, पण 'टेबला' दिसलं की पुढे काहीतरी चिकटणार आहे हे कळतं. 'घर'चं 'घरा' होतं, 'शाळा'चं 'शाळे' होतं, ते सामान्यरूप आधीच इशारा देतं. जुने मुरलेले इंग्रजी शब्दही वाकतात, बँकेत, कपात, टेबलावर. पण लॅपटॉप, प्रिंटर, वायफाय ही नवीन मंडळी ताठ, लॅपटॉपवर म्हणताना लॅपटॉप जसाच्या तसा, काही म्हणजे काही बदलत नाही. म्हणजे अर्थाचा सगळा भार त्या एका स्पेसवर, आणि ती टाकणार कोण तर फोन!

"मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"टेबल काढ, 'ते' घाल. 'ते वर ठेवा' म्हणायचंय का 'त्यावर ठेवा'? 'ते'चं 'त्या' झालं की जोडायचं."

सोपं आहे की! सर्वनाम बिचारं अजून वाकतं. फक्त शब्द इंग्रजी अक्षरांत असला की मी अडते, `PDFमध्ये` जोडलं की दोन अनोळखी माणसं एका सीटवर कोंबल्यासारखी दिसतात, तिथे मी सरळ पीडीएफमध्ये लिहून मोकळी होते. आणि मधे की मध्ये हा वाद तर मी काढतच नाही, बोलताना मधे, लिहिताना मध्ये, विषय संपला.

तर त्या दिवसापासून मी पेटले. दिसेल ती स्पेस खोडायची. लॅपटॉपवर, मीटिंगनंतर, मॅनेजरकडून, सगळं चिकटवलं, ग्रुपवर दुसऱ्यांचंही दुरुस्त करायला लागले (लोकांनी बहुतेक मला म्यूट केलंय). टेबल खाली आलं, वळणावर परत घासलं.

मग गेल्या आठवड्यात साहेबांनी ग्रुपवर टाकायला मजकूर दिला, "पुढच्या आठवड्यात ऑफिस मध्ये दोन दिवस बंद राहील." मी मनात म्हटलं, बघा, साहेबसुद्धा. स्पेस खोडली आणि पाठवलं, "पुढच्या आठवड्यात ऑफिसमध्ये दोन दिवस बंद राहील."

पहिला प्रश्न पाच मिनिटांत आला, "काय बंद राहील? लिफ्ट का?" दुसरा, "पाणी असेल तर आधी सांगा." मग काका, "ताई, टेबल आत्ताच वर नेऊन ठेवू का?"