अण्णा, तो आवाज आपला नाही

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर अण्णांच्या पुतण्याचं रील येऊन पडतं. सोबत मजकूर एकच : 'हे आपण करायचं का?' दात घासत मी ते बघते. कोणीतरी आरशासमोर वळतंय, कोणीतरी जिन्यावरून पडतंय, मागे कुठलंसं गाणं. 'आपण' म्हणजे लोणचं, कांदा-लसूण मसाला आणि उडदाचे पापड. आता पापड आरशासमोर कसा वळवायचा, हे ठरवायचा पगार मला मिळतो.

आमचा मसाल्याचा कारखाना कोल्हापूरजवळ आहे. अण्णा मालक, पुतण्या 'नव्या पिढीचे विचार' आणि मी सोशल मीडिया. व्हिडिओ काढणं हे या कामात सगळ्यात सोपं. खरा वेळ जातो 'नाही' म्हणण्यात, आणि ते 'नाही' अण्णांना पटेपर्यंत समजावण्यात.

पहिलं भांडण नेहमी गाण्यावरून होतं. कंपनीचं अकाउंट बिझनेसचं आहे. त्यावरून गाणं शोधलं तर नव्या सिनेमातली बहुतेक गाणी मिळतच नाहीत. मिळतं ते इन्स्टाग्रामने धंद्यासाठी मोकळं ठेवलेलं संगीत, जे ऐकून आपण दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलोय असं वाटतं. पुतण्या स्वतःचा फोन नाचवत येतो. "ताई, माझ्याकडे तर दिसतंय की!"

"तुमचं अकाउंट घरगुती आहे. तुम्ही मित्रांसाठी नाचता. आपण लोणचं विकतो."

"मग कंपनीचं अकाउंट पण घरगुती करून टाकूया."

अकाउंटचं नाव बदललं म्हणून बरणीचा धंदा थांबत नाही. संगीत कंपन्यांनी परवानगी दिलेली असते ती माणसांच्या हौसेला, जाहिरातीला नाही. अमेरिकेत बँग नावाच्या एनर्जी ड्रिंकवाल्यांनी टिकटॉकवर अशीच गाणी लावली होती. सोनी आणि युनिव्हर्सल कोर्टात गेल्या आणि 2022 मध्ये न्यायालयाने ते कॉपीराइटचं उल्लंघन ठरवलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते अमेरिकेत." मी म्हटलं, "अण्णा, सोनीचं ऑफिस मुंबईत पण आहे." त्यानंतर चहा येईपर्यंत कोणी बोललं नाही.

त्यातही एक चकवा असतो. आवाजाच्या नावाच्या जागी 'ओरिजिनल ऑडिओ' लिहिलेलं दिसलं की पुतण्याला वाटतं, मालक नाही, उचला. त्याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी तो आवाज आपल्या व्हिडिओसोबत चढवला. आत सिनेमाचं गाणं असू शकतं, शेजाऱ्याचं भांडण असू शकतं. म्हणून मी त्या आवाजाच्या पानावर जाऊन पहिलं रील शोधते आणि ते शेवटपर्यंत ऐकते.

मागच्या पावसाळ्यात या सवयीने वाचवलं. एका लहान मुलीचा रडका आवाज सगळीकडे फिरत होता. 'मला नको, मला नको!' लोक त्यावर कारल्याची भाजी, सोमवारची सकाळ, सासूबाईंचा फोन दाखवत होते. पुतण्याची कल्पना तयार होती : दुसऱ्या कंपनीचं लोणचं पुढे केलं की 'मला नको', आमचं केलं की शांतता. खरं सांगायचं तर कल्पना चांगली होती. मीही खूश होते. मग मूळ व्हिडिओ सापडला. तो दीड मिनिटाचा होता, आणि ती मुलगी दवाखान्यात होती, हाताला सलाइन. फिरणाऱ्या तुकड्यात तिचे चारच सेकंद उरले होते. मी तो व्हिडिओ अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पापडाचं काहीतरी करा."

बाकी ट्रेंड बहुधा वयावर बाद होतात. आवाजाच्या नावाशेजारी वर जाणारा छोटा बाण असला आणि त्यावर चार-पाच हजार रील झालेली असली तर मी उठून बसते. आकडा लाखांत गेला की पुन्हा आडवी होते. पण माझी खरी खूण वेगळी आहे. मी बघते, त्या आवाजावर बँक आली का? विमा कंपनी आली का? ज्या दिवशी टाय लावलेला शाखाधिकारी मुदत ठेवीवर ठेका धरतो, त्या दिवशी त्या ट्रेंडचं तेरावं समजायचं. आमच्याकडे परवानगीला चार दिवस लागतात : सोमवारी मी, मंगळवारी पुतण्या, बुधवारी अण्णा, गुरुवारी अण्णांच्या सौभाग्यवती. आम्ही पोचतो तेव्हा पंगत उठलेली असते आणि पत्रावळ्या गोळा करायचं काम चाललेलं असतं.

आणि काही आवाज ताजे असतात, गमतीचे असतात, तरी आपले नसतात. जून 2022 मध्ये मी नोकरीत नवी होते. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील", आणि दोन दिवसांत महाराष्ट्रातलं पोरगंपोरगं तेच बोलायला लागलं. अण्णांनी त्याच दुपारी बोलावलं. चार दिवसांऐवजी चार तासांत परवानगी! 'काय लोणचं, काय मसाला, काय पापड!' मलाही मोह झाला. वाक्य झाडांचं होतं, त्यात दुखावण्यासारखं काय?

तेवढ्यात आमचे विक्री प्रतिनिधी आले. त्यांनी वही उघडून दुकानांची नावं वाचायला सुरुवात केली. हा दुकानदार या गटाचा, तो त्या गटाचा. तिसरा सकाळपासून दोन्हीकडच्यांना शिव्या घालतोय. झाडी आणि डोंगर बाजूला राहिले, ते वाक्य सरकार पडण्याच्या मधोमध उभं होतं, आणि 29 जूनला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिलाच. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने मात्र तेच वाक्य बोर्डावर लिहिलं आणि लोक थांबून फोटो काढायला लागले. त्याला ते शोभलं, कारण त्याच्याकडे हाटील होतं, मागे डोंगार होता आणि दोन-तीन झाडंही होती. आमच्याकडे बरणी होती. आम्ही ते सोडलं. अण्णा आठवडाभर माझ्याशी फक्त इनव्हॉइसपुरतं बोलले.

म्हणून मी शेवटी बाहेर बघायचंच कमी केलं. मार्चमध्ये मिरची येते. अवकाळी पाऊस आला होता, ट्रक घाटात अडकला होता आणि अण्णा गोडाऊनमधून ड्रायव्हरवर ओरडत होते, "मिरची भिजली तर मी रडणार, तू नाही!" मी शेजारीच मिरची खुडणाऱ्या बायकांचं शूटिंग करत होते. आवाज आला, माईक चालू होता. संध्याकाळी मी अण्णांना ते ऐकवलं आणि वापरू का विचारलं. ते लाजले. सौभाग्यवतींनी गुरुवारची वाट न बघता हो म्हटलं.

ते रील चाललं. मग लोक त्या आवाजावर आपापलं रडगाणं लावू लागले. कोणाचं वाळत घातलेलं धुणं भिजलं, कोणाची नवी चप्पल भिजली, एका पोराने दहावीचं पुस्तकच पावसात धरलं. पुतण्या रोज आकडा सांगत होता. अण्णा 'हूं' म्हणत होते, पण दुपारी केबिनचं दार लोटून स्वतःचाच आवाज ऐकत होते. दाराबाहेर ऐकू यायचं.

दहाव्या दिवशी सकाळी सात दहाला फोन वाजला. रील नव्हतं. खुद्द अण्णा होते.

"त्या पलीकडच्या तालुक्यातल्या मसालेवाल्यानं माझा आवाज लावलाय! त्याच्या तिखटाच्या पाकिटावर मी ओरडतोय! आवाज माझा, मिरची त्याची! असं कसं चालेल? तुम्ही त्या बँगवाल्यांचं सांगत होता ना? वकील बघा. आजच!"

मी काही बोलणार इतक्यात मागून पुतण्याचा झोपाळलेला आवाज आला.

"काका, ट्रेंड आहे. सगळेच करतायत."