आरशाच्या डोक्यावर दिवा लावणाऱ्यांनो, तुम्ही दाढी कुठे करता?

आज परत गळ्याशी कापलं. आणि जिथे कापलं नाही तिथे खुंट तसेच राहिले, हे ऑफिसखालच्या टपरीवर पोहे खाताना दुसऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

इंदूरच्या सुदामानगरातल्या घराचं बाथरूम गेल्या वर्षी नवं केलं. टाइल्स, बेसिन, आरसा सगळं झकास. दिव्याचा पॉइंट मात्र आरशाच्या वर, सात फुटांवर. का? तर इलेक्ट्रिशियन म्हणाला, "भिया, सबके यहाँ वहीं लगता है." अरे, सगळ्यांकडे तिथे लागतो म्हणून माझ्या नाकाची सावली ओठावर पडायची थांबते का? वरून उजेड आला की डोळे खोबणीत जातात, नाकाखाली मिशीची जागा काळी आणि जबड्याखाली तर अमावस्याच. जिथे पातं फिरवायचं नेमकं तिथेच! तक्रार केली तर पठ्ठ्याने नऊ वॉटचा काढून अठराचा लावला. कपाळ चकाकलं, हनुवटीखाली अंधार तो अंधारच. छतातला दिवा लावावा तर तो डोक्यामागे, म्हणजे मी माझ्याच सावलीत.

शेवटी एका रविवारी मोबाइलचा टॉर्च डाव्या गालाशेजारी धरून पाहिला. डावा गाल लख्ख, उजवा काळा. मग बायकोला दुसरा मोबाइल देऊन उजवीकडे उभं केलं आणि सावली गायब! दोन्ही बाजूंचे उजेड एकमेकांच्या सावल्या पुसतात, एवढीच तर गोष्ट. "आता रोज सकाळी मी इथे मशालजी म्हणून उभी राहू का?" असं ती म्हणाली, तेही बरोबरच आहे.

हवं काय होतं? दोन फुटी आरशाच्या दोन्ही कडांना दिव्याची एकेक उभी पट्टी, तीही दोन फुटी. पट्टीचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, माझ्या बाबतीत जमिनीपासून साधारण पाच फूट. वर दुधी कव्हर, म्हणजे डोळ्यांत खुपत नाही आणि सावलीची कडही मऊ होते. रंग 4000 केल्विनच्या आसपास. 6500 च्या निळसर उजेडात मी आजारी दिसतो. दुकानदार तर मागून उजळणारा आरसा गळ्यात मारत होता. त्याचा उजेड भिंतीवर पडतो हो, दाढी काय भिंतीची करायची आहे?

आणि हे टाइल्स लावण्याआधी ठरवलं असतं तर वायरचे दोन पाइप भिंतीत गाडून मोकळे झालो असतो. आता नव्याकोऱ्या टाइल्सवरून पांढरी केसिंग-पट्टी जाणार, आरशाच्या दोन्ही अंगांनी, गालावर टाके घातल्यासारखी. काल इलेक्ट्रिशियन माप घ्यायला आला. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि जाता जाता विचारतो, "भिया, ऊपर वाला पॉइंट भी चालू रखूँ ना?"