दारावरच्या चिनी जोडओळी: यमक नाही, उलट सूर

"चिनी नववर्षाला दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर यमकाच्या दोन ओळी लावतात. करायला सोप्या आहेत: दोन्हींत अक्षरं सारखी ठेवा, पहिलीचाच अर्थ दुसरीत वेगळ्या शब्दांत सांगा आणि शेवटी यमक जुळवा. कुठली ओळ कुठल्या बाजूला, याने फरक पडत नाही."

सध्या व्हायरल झालेल्या या कृतीतली अक्षरसंख्या तेवढी खरी आहे. बाकीचं एका खऱ्या जोडीवर तपासून पाहू. चीनमध्ये असंख्य दारांवर दिसणारी ही जोडी आहे:

थ्येन त्सङ स्वेइ य्वे, रन त्सङ शोउ
छुन मान छ्येन खुन, फू मान मन

पहिलीचा अर्थ: आकाश वर्षं-महिने वाढवतं, माणूस आयुष्य वाढवतो. दुसरीचा: वसंत आकाश-पृथ्वी भरून टाकतो, सौभाग्य दार भरून टाकतं. प्रत्येकी सात अक्षरं आहेत.

आधी यमक. ओवी-अभंगांवर वाढलेल्या आपल्या कानाला शेवट जुळावा असं वाटतं, पण इथे शेवट एकमेकांविरुद्ध असावा लागतो. चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला सूर असतो. आजच्या मँडरिनमध्ये असे चार सूर आहेत: पहिला उंच आणि स्थिर, दुसरा चढणारा, तिसरा खाली दबणारा, चौथा झटक्यात उतरणारा. पहिले दोन 'फिङ' म्हणजे सपाट गटातले, तिसरा-चौथा 'त्स' म्हणजे तिरक्या गटातले. चढणारा सूर सपाट कसा, असं वाटेल. पण हे दोन्ही सूर जुन्या भाषेतल्या एकाच सपाट सुरातून निघालेले आहेत, म्हणून ते एका गटात. वरची ओळ तिरक्या सुरावर संपते (शोउ, चौथा) आणि खालची सपाट सुरावर (मन, दुसरा).

सूर फक्त शेवटीच उलटे असून भागत नाही. सात अक्षरांत दुसरी, चौथी आणि सहावी जागा कडक पाळतात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागेला बरीच सूट असते. वरच्या ओळीत या जागी त्सङ, य्वे, त्सङ आहेत, म्हणजे सपाट, तिरका, सपाट. खाली मान, खुन, मान: तिरका, सपाट, तिरका. एकही जागा निसटलेली नाही.

आता व्हायरल कृतीने खालची ओळ करून बघू: "च्या थ्येन त्साय फू, त्झ थ्येन फू", घर संपत्तीची भर घालतं, मुलं सौभाग्याची. अक्षरं सात, व्याकरण ठीक, अर्थही शुभ. तरी ओळ पडते. थ्येन (भर घालणे) हा पहिला सूर, तो दोन्ही वेळा त्सङच्या पहिल्या सुरासमोर येतो. चौथ्या जागेवर संपत्तीचा, 'त्साय फू'मधला फू (चौथा) य्वेसमोर (चौथा) येतो. तिन्ही कडक जागा बिघडल्या. 'थ्येन'च्या जागी 'मान' हे तिसऱ्या सुराचं क्रियापद आणलं की दुसरी आणि सहावी जागा सुटते. वर क्रियापद दोनदा आलं म्हणून खालीही त्याच दोन जागी एकच क्रियापद दोनदा यावं लागतं, तेही जमतं.

चौथ्या जागेसाठी नुसता सूर पुरत नाही. 'शिन च्या', म्हणजे नवं घर, बसवलं तर च्या पहिल्या सुराचा आहे, त्यामुळे कान तक्रार करणार नाही. पण 'स्वेइ य्वे' म्हणजे वर्ष आणि महिना, दोन समान नामं शेजारी ठेवलेली. 'शिन च्या' मात्र विशेषण आणि नाम. शब्दाची आतली बांधणीच वेगळी आहे. 'छ्येन खुन', आकाश आणि पृथ्वी, पुन्हा दोन समान नामं. मला ही जोडी आवडते ती याच जागेसाठी: वर काळ उभा आहे, खाली अवकाश.

म्हणूनच 'तोच अर्थ वेगळ्या शब्दांत' हा सल्ला सगळ्यात घातक. या दोषाला चिनीत नावच आहे: 'ह-चांग', जोडलेले तळवे. दोन्ही तळहात एकमेकांवर टेकले की मध्ये काहीच जागा उरत नाही. आपल्या पडलेल्या ओळीत हाही दोष होता. 'भर घालणे' हे 'वाढवणे'च आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. सौभाग्याचा 'फू' आज दुसऱ्या सुरात, म्हणजे सपाट. जुन्या उच्चारात तो तुटक, 'प्रवेशी' सुराचा होता आणि तिरका मोजला जाई. मँडरिनमध्ये तो सूर नाहीसा होऊन त्याची अक्षरं चारही सुरांत विखुरली. त्यामुळे जुनी जोडी आजच्या कोशाने तपासली तर कधी नसलेली चूक दिसते. जुने किंवा नवे, कुठलेही सूर घ्या. पण एकाच जोडीत दोन्ही मिसळू नका.

राहिली बाजू. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की वरची ओळ उजव्या हाताला, खालची डाव्या, कारण जुनं लेखन उजवीकडून वाचतात. चौकटीवरची आडवी पट्टी आधुनिक पद्धतीने डावीकडून लिहिली असेल, तर बाजूही बदलतात. पट्ट्या हातात घेऊन गोंधळ झाला, तर शेवटचं अक्षर उच्चारून पाहा: तिसरा-चौथा सूर आला, तर ती वरची ओळ.