बायोडाटा लिहा, पण सूर जुळू देऊ नका

नोकरीसाठी बायोडाटा लिहिताय? मग 'कामाचा अनुभव' या मथळ्याखाली एकच पथ्य पाळा: कुठल्याही दोन ओळींचा शेवट सारखा होता कामा नये. वाचणाऱ्याला तेवढीच करमणूक. आमच्या भुसावळच्या भाच्याने परवा हे पथ्य इतकं कडक पाळलं, की नमुना म्हणून इथे देतोच. रावेरकडच्या एका केळी पॅकहाउसमध्ये क्लार्कची जागा निघालेली. रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर final_final2.pdf आली आणि खाली, 'मामा, फक्त नजर टाका, सकाळी पाठवायचाय.' आडत दुकानातली नोकरी त्याने केव्हाच सोडलेली. तिच्याखाली हे:

• आलेल्या मालाचे वजन नोंदवणे
• रोजची आवक रजिस्टरमध्ये चढवली
• शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या तयार करतो
• हमालांच्या हजेरीची जबाबदारी
• उधारीची वसुली पाहिली जात असे

वा! पाच ओळी, पाच तऱ्हा.

पहिली ओळ 'णे'ने संपवा. तुम्ही ते काम केलंत, की जाहिरातीतून उचललंत, हे गुपित राहतं.

'जबाबदारी' लिहायला विसरू नका. जबाबदारी होती एवढंच कळतं, ती पार पाडली का, हे विचारायचं धाडस कोण करतो?

वसुली 'पाहिली जात असे'. कोण पाहायचं? शेठजी? दिवाणजी? की दुकानातलं मांजर?

आणि 'करतो'ला तर तोड नाही. नोकरी सोडलेली, वर तारखाही दिलेल्या, तरी पट्ट्या तयार 'करतो'. आता पॅकहाउसचा मालक काय समजणार? हा गडी अजून तिकडेच आहे आणि तारखा चुकल्यात? की तारखा बरोबर आहेत आणि जुन्या बायोडाट्यातली ओळ तशीच चिकटवली? (दुसरंच खरं होतं. 'णे'वाली जाहिरातीतली, 'करतो'वाली त्याच्याच जुन्या बायोडाट्यातली, 'जात असे'वाली मित्राकडची. ओळीच्या शेपटीवरून तिचं गाव ओळखू येतं.) मालकासमोर अर्जांचा गठ्ठा पडलेला असतो, बाहेर गाडी भरायची खोळंबलेली असते. तो काही फोन करून 'भो, करतो म्हणजे नक्की कधी?' असं विचारणार नाही. तो कागद बाजूला ठेवून पुढचा उचलेल. हिशेबाच्या कामासाठी माणूस हवाय आणि याला पाच ओळींचा काळ सांभाळता येत नाही, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

तपासायच्या भानगडीत तर पडूच नका. फार कंटाळवाणा प्रकार आहे. ओळीचा पुढचा भाग हाताने झाकायचा आणि फक्त शेवट वरून खाली मोठ्याने वाचायचे: नोंदवणे, चढवली, करतो, जबाबदारी, जात असे. कान लगेच सांगतो कुठे ठेच लागली ते. इंग्रजी बायोडाटा असेल तर क्रियापद पुढे येतं, म्हणून तिथे मागचा भाग झाकायचा: मॅनेज्ड, प्रिपेअरिंग, रिस्पॉन्सिबल फॉर. तीच गत.

मी भाच्याला म्हटलं, नोकरी संपली आहे, सगळं भूतकाळात घे. पाच मिनिटांत उत्तर: 'केलं मामा.' उघडून पाहतो तर प्रत्येक ओळीला 'ले'. 'आवक चढवले.' 'हजेरी मांडले.' शेवटचं अक्षर जुळलं, झालं काम!

आता मात्र पुरे. अरे, अक्षर नाही जुळवायचं, रूप जुळवायचं! वजन नोंदवले, आवक चढवली, पट्ट्या तयार केल्या, हजेरी मांडली, वसुली केली. ले, ली, ल्या वेगळं दिसतं, कारण वजन नपुंसकलिंगी, आवक स्त्रीलिंगी, पट्ट्या अनेकवचनी. रूप एकच आहे: काम झालं आणि ते तू केलंस. घरी बोलताना 'हजेरी मांडले' म्हणतोस का कधी? मग कागदावरच जीभ का वळत नाही?

सध्याची नोकरी असेल तर तिची यादी वेगळी: नोंदवतो, चढवतो, तयार करतो. दोन नोकऱ्यांच्या याद्या दोन काळांत असल्या तर काही बिघडत नाही, एका यादीत खिचडी नको. चालू नोकरीतलं एखादं काम संपलेलं असेल, समजा जुनी थकबाकी वसूल केलीस, तर ते 'करतो'च्या मध्ये कोंबू नकोस. खाली 'पूर्ण केलेली कामे' म्हणून वेगळं लिही.

आणि रात्री उशिरा 'फक्त नजर टाका' म्हणून पाठवायचं बंद करा, सगळ्यांनीच. सकाळी पाठवायचाय हे आठवडाभर आधी ठाऊक होतं ना? मग संध्याकाळी बस, ओळी झाक, शेवट वाच, आणि स्वतः दुरुस्त कर. फाइलचं नावही बदल.