८२ टक्के ऑक्युपन्सी? मग ६९० रात्री कुठे गेल्या?

"शाखांचे टक्के डॅशबोर्डवर तयारच असतात, एकूण टक्का हवा तर सरळ सरासरी काढा. १) सगळ्या शाखांना समान न्याय. २) पिव्होट टेबलपण तेच करतो. ३) फरक पडला तरी एखाद्या पॉइंटचा."

हे फॉरवर्ड माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या मालकाने पाठवलं, वर "हे वाच" म्हणून. ती म्हापशाला बसून तीन हॉटेलांचं बुकिंग बघते. बिचारीने शीट बदललीसुद्धा, आणि नोव्हेंबरची ऑक्युपन्सी एका रात्रीत ६६ ची ८२ झाली!

समान न्यायाचंच आधी बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कळंगुटला १२० रूम, मोरजीला २०, पाळोळ्याला १०. ३० दिवसांच्या विकायच्या रूम-नाइट झाल्या ३६००, ६०० आणि ३००, त्यातल्या गेल्या २१६०, ५४० आणि २८५, म्हणजे ६०, ९० आणि ९५ टक्के. यांची सरासरी ८१.७. पण एकूण ४५०० पैकी गेल्या २९८५, म्हणजे ६६.३. पाळोळ्याच्या १० खोल्यांना कळंगुटच्या १२० खोल्यांएवढं वजन, याला न्याय म्हणायचं? पडताळा सोपा आहे, डॅशबोर्डचा टक्का एकूण रूम-नाइटना लावून बघा, ३६७५ च्या आसपास येतात, रजिस्टरात २९८५. मग उरलेल्या ६९० रात्री कोण झोपलं, भुतं? आणि मालक ८२ बघून डिसेंबरचे रेट चढवायला निघालेले, इकडे कळंगुटच्या १४४० रूम-नाइट रिकाम्या गेल्यात.

पिव्होटचं म्हणणं अर्धवट आहे. टक्क्यांचा कॉलम व्हॅल्यूजमध्ये टाकून Average निवडलं तर हो, तो मुकाट्याने सरासरी देतो, पण ते तुम्ही सांगितलं म्हणून. विकलेल्या भागिले उपलब्ध असं कॅल्क्युलेटेड फील्ड केलं तर एक्सेल आधी दोन्ही कॉलमांची बेरीज करतो आणि मग भागतो, मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर हे स्पष्ट लिहिलंय. साध्या शीटमध्ये B ला उपलब्ध, C ला विकलेल्या:

```
=SUM(C2:C4)/SUM(B2:B4)
```

सरासरी रेट काढताना मात्र भागायचं विकलेल्या रूम-नाइटनी, उपलब्धनी नाही.

तिसरा मुद्दा, बरं, कधीकधी खरा असतो. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे स्त्रिया उत्तर गोव्यात ९६३, दक्षिणेत ९८६, साधी सरासरी ९७४.५, राज्याचा खरा आकडा ९७३. दोन्ही जिल्हे जवळपास सारखे म्हणून निभावलं. तीन हॉटेलं तशी नाहीत ना.

बहिणीने शीट परत जुनी केली आणि टक्क्याशेजारी २९८५ / ४५०० असं दिसेलसं ठेवलं. मालक म्हणाले, ८२ बरं दिसत होतं.