आराखड्याच्या फोटोवरून काढलेले माप का चुकले: एका ग्राहकाच्या अभिप्रायास उत्तर

अभिप्राय: फ्लॅट घेण्याआधी आराखड्याचा फोटो पाठवून यांच्याकडून मापे काढून घेतली. शयनगृहाची भिंत 2.10 मीटर सांगितली, ताबा मिळाल्यावर ती 1.93 निघाली आणि दोन मीटरचे कपाट बसले नाही. आराखड्यावर 1:100 ठळक छापलेले असताना अशी चूक होतेच कशी? बाल्कनीचे सरकते दार समजलो होतो, ती तर खिडकी निघाली. पैसे वाया गेले.

उत्तर: महोदय, आपला अभिप्राय वाचून मी आपण पाठवलेला फोटो आणि आमचा अहवाल पुन्हा शेजारी ठेवून तपासला. भिंतीच्या मापातील चूक आमची आहे.

1:100 हे प्रमाण मूळ आकाराच्या कागदापुरतेच खरे असते. तोच आराखडा ए3 ऐवजी ए4 कागदावर छापला, तर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर न राहता सुमारे 1.41 मीटर होतो, आणि छापलेला आकडा मात्र तसाच राहतो. फोटोत तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून आम्ही आराखड्यावर लिहिलेले एखादे माप धरून नवे प्रमाण काढतो. आपल्या फोटोत वरच्या कडेला दिवाणखान्याच्या मापरेषेवर 4.20 मीटर लिहिलेले होते आणि ती रेषा 600 पिक्सेल भरली, म्हणजे एका पिक्सेलला 7 मिलिमीटर. शयनगृहाची भिंत 300 पिक्सेल होती. त्यावरून 2.10 मीटर आले.

गफलत इथेच झाली. फोटो तिरका घेतलेला होता. वरची कड कॅमेऱ्यापासून दूर होती आणि शयनगृह खालच्या कडेला, कॅमेऱ्याजवळ होते. जवळचे मोठे दिसते, त्यामुळे वरचे प्रमाण खाली लावल्यावर भिंत फुगली. हे आमच्या लक्षात यायला हवे होते, कारण खूण त्याच खोलीच्या दारात होती. दाराच्या चिन्हात भिंतीतील फट, तिच्या एका टोकाशी काटकोनात काढलेली फळीची रेषा आणि दोन्हींना जोडणारा पाव वर्तुळाचा कंस असतो. साध्या आराखड्यात फट आणि फळी सारख्याच लांबीच्या असतात. आपल्या फोटोत फट 138 पिक्सेल आणि फळी 126 पिक्सेल भरते. दोन्हींत एवढा फरक दिसला की फोटो सरळ वरून घेतलेला नाही, हे ओळखावे.

दारांच्या तक्त्यात या दाराची फट 90 सेंटिमीटर दिलेली आहे. तिला 138 ने भागले, तर एका पिक्सेलला सुमारे 6.52 मिलिमीटर येतात आणि त्या हिशोबाने भिंत 1.96 मीटर ठरते. उरलेले तीन सेंटिमीटर बहुधा गिलाव्याचे असावेत. आराखड्यातील माप अनेकदा विटेपासून विटेपर्यंतचे असते आणि दोन्ही बाजूंचा गिलावा त्यातून जातो. दोन मीटरचे कपाट बसणार नाही, हे आपल्याला खरेदीआधीच सांगता आले असते. त्यामुळे अहवालाचे संपूर्ण शुल्क मी परत करत आहे.

खिडकीच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. आराखडा म्हणजे जमिनीपासून साधारण 1.2 मीटर उंचीवर घर आडवे कापून वरून पाहिलेले चित्र असते. त्या छेदाखाली खिडकीचा कट्टा दिसतो, म्हणून खिडकीत भिंतीच्या दोन्ही कडांच्या रेषा फटीतूनही सलग जातात आणि मध्ये काचेची बारीक रेषा येते. सरकत्या दारात कट्टा नसतो, फक्त एकमेकांवर थोड्या चढलेल्या दोन फळ्या दिसतात. आपल्या फोटोत त्या जागी सगळ्या रेषा मिळून एकच करडी पट्टी झाली होती. म्हणूनच अहवालाच्या दुसऱ्या पानावर ‘दार की खिडकी हे स्पष्ट नाही, मूळ पीडीएफ मागवावी’ असे आम्ही लिहिले होते. ते ठळक अक्षरांत लिहायला हवे होते, एवढे मान्य करतो.

यापुढे आम्ही मोजायच्या भिंतीजवळचे एक आडवे आणि एक उभे लिखित माप जुळल्याशिवाय आकडा देणार नाही. तशी मापे नसतील, तर फोटो परत पाठवू.

एक गोष्ट तातडीची आहे. त्याच अहवालातील स्वयंपाकघरही फोटोच्या खालच्या कडेला आहे आणि ओट्याची 2.80 मीटर लांबी त्याच चुकीच्या प्रमाणावरून काढलेली आहे. दुरुस्त हिशोबाने ती 2.61 मीटर येते आणि गिलावा धरला तर त्याहून थोडी कमीच भरेल. ओट्याचा दगड अजून कापायला दिला नसेल, तर आधी जागेवर टेप लावून माप घ्यावे. सुधारित अहवाल आज आपल्याला पाठवला आहे.